भिशी अर्ध्यावर सोडणाऱ्या वहिनीचे 21,000 कुठून द्यायचे?

प्रश्न : आमच्या वाड्यावरची बारा जणींची भिशी मी चालवते. महिन्याला 3,000 रुपये, वर चहाखाण्याचे 50. चिठ्ठी टाकून नंबर काढतो, पहिला नंबर माझा असतो. फेब्रुवारीत सुरू केली, ऑगस्टपर्यंत सात जणींचे नंबर लागले. आता एका वहिनीच्या नवऱ्याची नोकरी गेली. तिचा नंबर अजून लागलेला नाही. ती भिशी सोडते म्हणते आणि सात महिन्यांचे 21,350 रुपये लगेच मागते. माझ्याकडे तर काहीच शिल्लक नसते, जमतील तसे पैसे जातात. सप्टेंबरात चवथ आहे, राहिलेल्या चौघी आपले 36,000 कमी करायला तयार नाहीत. काही जणी म्हणतात, मध्येच सोडली तर पैसे बुडाले. मी काय करू?
— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : ताई, वहिनीचे 21,000 बुडत नाहीत आणि ते तुम्ही एकटीने पदरचे घालायचेही नाहीत. ते पैसे आज कोणाकडे आहेत एवढे आधी शोधा, म्हणजे पुढचा हिशोब आपोआप सुटतो.

वहिनीने फेब्रुवारीत दिलेले 3,000 तुम्हाला मिळाले, कारण पहिला नंबर तुमचा होता. मार्चचे 3,000 त्या महिन्याच्या नंबरवालीला मिळाले, एप्रिलचे तिसरीला, असे करत ऑगस्टचे सातवीला. म्हणजे नंबर लागलेल्या सातही जणींकडे वहिनीचे प्रत्येकी 3,000 आहेत. सात त्रिक एकवीस. उरलेल्या चौघींना वहिनीने आजवर काही दिलेले नाही आणि त्या चौघींनीही वहिनीला काही दिलेले नाही. त्यांचे एकमेकींशी देणे-घेणे शून्य आहे. वहिनीचा नंबर लागला असता त्या महिन्यात अकराही जणींनी तिला 3,000 दिले असते. ती भिशीत राहिली नाही तर चौघींकडून तिला काहीच येणे नाही, पण सात जणींकडून मात्र येणे आहेच, कारण त्यांनी तिचे पैसे वापरलेले आहेत.

बदली सभासद मिळाली नाही असे धरून पुढचे महिने मांडून बघा. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर या चार महिन्यांत राहिलेल्या चौघींचे नंबर काढा. दर महिन्याला अकरा जणी 3,000 भरतील, म्हणजे नंबरवालीला 33,000 मिळतील. जानेवारीचा बारावा हप्ता फक्त त्या सात जणींनी भरायचा, चौघींनी भरायचा नाही. ते 21,000 जमतील, ते वहिनीचे.

आता प्रत्येकीचा मेळ तपासा. सात जणींनी प्रत्येकी बारा हप्त्यांचे 36,000 भरले आणि 36,000 घेतले. चौघींनी अकरा हप्त्यांचे 33,000 भरले आणि 33,000 घेतले. वहिनीने 21,000 भरले, 21,000 घेतले. कोणाला एक रुपया जास्त नाही, कमी नाही, आणि तुम्हाला पदरचे काही घालावे लागत नाही. चौघींना हे नीट समजावून सांगा, कारण त्यांना फक्त 36,000 चे 33,000 झालेले दिसतात. जानेवारीचा 3,000 चा हप्ता त्यांना माफ आहे हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. त्यांचा तोटा नाही. चवथीच्या तोंडावर जिचा नंबर लागेल तिच्या हातात मात्र 3,000 कमी येतील हे खरे आहे. तिने माटोळीचा, किराणाचा आणि कपड्यांचा हिशोब 36,000 वर धरलेला असेल, तेव्हा चिठ्ठी टाकायच्या दिवसापर्यंत थांबू नका, चौघींनाही आजच सांगून ठेवा.

इथे एक चूक हमखास होते, आणि वहिनीसारख्यांचे पैसे बहुतेक तिच्यामुळेच बुडतात. एक जण गेली की कोणीतरी म्हणते, “आता अकराच जणी उरल्या, तर भिशी अकराच महिन्यांची.” ऐकायला बरोबर वाटते आणि सगळ्या माना डोलावतात. डिसेंबरात शेवटचा नंबर निघतो, भिशी संपली म्हणून सगळ्या आनंदाने घरी जातात. पण त्यात सात जणींनी 36,000 घेऊन 33,000 च भरलेले असतात. प्रत्येकीकडे राहिलेले ते 3,000 म्हणजेच वहिनीचे 21,000. कोणी मुद्दाम चोरी केलेली नसते, तरी पैसे गेलेले असतात. “मध्येच सोडली तर पैसे बुडाले” असे ज्या म्हणतात, त्यांपैकी किती जणींचा नंबर लागून गेला आहे ते बघा. त्यांच्याकडे तिचे 3,000 आहेत. भिशी सुरू करताना असा नियम ठरलेला नसेल तर आता तो लावण्याचा हक्क कोणालाही नाही.

राहिले वरचे 350. दर महिन्याचे 50 रुपये चहाखाण्यात खर्च झाले आणि त्या खाण्यात वहिनीही होती. ते परत करायचे नाहीत. हे तिला सरळ सांगा, ती ऐकेल. याउलट, “तू भिशी मोडलीस” म्हणून 21,000 मधून दंड कापायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडून द्या. कपात आधी वहीत लिहिलेली आणि सगळ्यांनी मान्य केलेली असेल तरच करता येते. नोंदणीकृत चिट फंडातसुद्धा सभासदाच्या भरलेल्या रकमेतून करारात लिहिलेलीच वजावट करतात, आणि चालवणाऱ्याचे कमिशन कायद्याने जास्तीत जास्त 7 टक्के असते. तुम्ही कमिशन घेत नाही, पहिला नंबर हाच तुमचा फायदा.

आता खरी अडचण. वहिनीला पैसे आज हवे आहेत आणि वरच्या हिशोबाने ते जानेवारीत मिळतात. घरातली मिळकत थांबलेल्या बाईला “जानेवारीत बघू” हे उत्तर पुरेसे नाही. लवकर देण्याचे मार्ग आहेत, आणि त्यांत बदली सभासद हा सगळ्यांत चांगला.

बदलीने वहिनीची जागा जशीच्या तशी घ्यायची असते. म्हणजे तिने आधी 21,000 द्यायचे, ते थेट वहिनीला. त्यानंतर सप्टेंबर ते जानेवारी पाच हप्त्यांचे 15,000 भरायचे. एकूण 36,000 भरून तिलाही 36,000 मिळणार. भिशी पुन्हा बारा जणींची होते, पाच महिन्यांसाठी पाच चिठ्ठ्या राहतात आणि चौघींना आपले पूर्ण 36,000 मिळतात. नोंदणीकृत चिटमध्येही याच धर्तीवर चालते. हप्ते थकवल्यामुळे काढलेल्या सभासदाच्या जागी नवा येतो आणि त्याने मागच्या हप्त्यांपोटी भरलेल्या पैशातून जुन्याची रक्कम बँकेत वेगळ्या खात्यात ठेवतात.

बदली घेताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, मागचे 21,000 न घेता “आतापासून भर” म्हणून कोणाला आत घेऊ नका. अशी बाई पाच महिन्यांत 15,000 भरेल आणि 36,000 नेईल. जादा गेलेले 21,000 सप्टेंबर, ऑक्टोबरात कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण दर महिन्याला बारा हप्ते नीट जमत असतात आणि चिठ्ठीही नीट निघत असते. खड्डा दिसतो तो जानेवारी संपल्यावर. वहिनी पैसे मागायला येते आणि द्यायला कोणीच शिल्लक नसते, कारण सगळ्यांचे बारा हप्ते भरून झालेले असतात. अशी वेळ आली की तो भार भिशी चालवणारीवरच पडतो.

दुसरी, बदलीला 21,000 एकदम जमत नसतील तर दोन भागांत घ्या, निम्मे आता आणि निम्मे ऑक्टोबरात. पण पूर्ण रक्कम वहिनीला पोचेपर्यंत तिच्या नावाची चिठ्ठी डब्यात टाकू नका. सप्टेंबरातच तिचा नंबर लागला आणि ती 36,000 घेऊन गेली, तर उरलेल्या 10,500 साठी तिच्या मागे लागायचे काम तुमच्या गळ्यात येईल.

चवथीच्या आधी 21,000 हातात असलेली बाई सापडणे कठीण हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून एक जागा दोघींत वाटून देण्याचा विचार करा. प्रत्येकीने 10,500 मागचे द्यायचे आणि महिन्याला 1,500 भरायचे, नंबर लागला की 18,000-18,000 घ्यायचे. गृह आधारचे महिन्याला 1,500 मिळतात, त्यातून पूर्ण 3,000 चा हप्ता झेपत नाही पण अर्धा झेपतो. अशा दोघी वाड्यावर असतील तर त्यांनाही सोयीचे होईल. चिठ्ठी मात्र एकच ठेवा, आणि वहीत दोघींची नावे लिहून दोघींच्याही सह्या घ्या. एकीने हप्ता चुकवला तर अर्धाच हप्ता कमी पडतो, पण तो कोणी भरायचा हे आधी ठरलेले हवे. त्या दोघींनी एकमेकींची जबाबदारी घ्यायची, हा सोपा नियम.

बदली मिळालीच नाही, तर सात जणींना विचारा की जानेवारीचा हप्ता कोणाला आताच देणे जमेल. त्यांना ते 3,000 कधीतरी द्यायचेच आहेत, चार महिने आधी दिले एवढेच. इथे सुरुवात तुमच्यापासून करा. सातपैकी एक तुम्हीच आहात, आणि पहिला नंबर घेतल्यामुळे वहिनीचे पैसे सगळ्यांत जास्त काळ तुमच्याकडे आहेत. तुम्ही आपले 3,000 वहिनीला देऊन मग इतरांना विचारलेत तर दोघी-तिघी तयार होतात. समजा तुमच्यासह चौघींनी दिले, तर वहिनीला आता 12,000 मिळाले आणि जानेवारीत तिघींकडून 9,000 येतील. ज्यांचा हप्ताच ओढाताणीने निघतो त्यांच्यावर मात्र यासाठी दडपण आणू नका. जानेवारीपर्यंत थांबण्याचा त्यांना हक्क आहे, कारण भिशी ठरली होती तीच बारा महिन्यांची. आगाऊ आलेले पैसे महिन्याच्या भिशीच्या पैशांत मिसळू नका. ज्या दिवशी आले त्याच दिवशी वहिनीला द्या आणि देणारीच्या नावापुढे “जानेवारी पोचला” असे लिहा.

आणखी एक वाट लोक सुचवतात. सप्टेंबरच्या 33,000 मधून 21,000 वहिनीला देऊन टाकायचे आणि नंबरवालीला 12,000 द्यायचे. हिशोबाने ते चुकीचे नाही, नंबरवालीला उरलेले 21,000 जानेवारीत सात जणींकडून मिळतात. पण याचा अर्थ तिने आपले 21,000 चार महिने थांबवून ठेवायचे. तिने स्वतः होऊन हो म्हटले तरच हे करा, आणि चवथीच्या महिन्यात कोणी हो म्हणेल असे धरू नका. ऑक्टोबरात किंवा नोव्हेंबरात विचारून बघता येईल. चौघींपैकी जिला पैशांची घाई नाही ती कदाचित तयार होईल. तिला न विचारता पैसे वळवलेत तर एका बाईची अडचण सोडवताना दुसरीची उभी केलीत असे होईल.

काहीही ठरवा, ते या महिन्याची चिठ्ठी निघण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा. बदली मिळाली नसेल तर वहीच्या एका पानावर सात जणींची नावे, कोणत्या महिन्यात नंबर लागला, आणि पुढे हे वाक्य: “मला 36,000 रुपये मिळाले आहेत. माझ्या बाराव्या हप्त्याचे 3,000 रुपये वहिनीला द्यायचे आहेत, ते मी जानेवारीच्या 10 तारखेपर्यंत देईन.” वहिनीचे पूर्ण नाव लिहा, आणि तुमच्या हप्त्याची जी तारीख असेल ती घाला. प्रत्येकीची सही घ्या, तुमचीही. त्या पानाचा फोटो वहिनीला आणि भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवा. ही सही आज घेणे सोपे आहे. जानेवारीत, सगळ्यांचे नंबर लागून गेल्यावर, तीच सही मिळवणे कठीण होते. चौघींचे नंबर लागायचे आहेत तोवर त्यांनाही भिशीची गरज असते, शेवटच्या महिन्यात ती गरज फक्त वहिनीला राहते.

जानेवारीचे पैसे सात जणींनी शक्यतो यूपीआयने थेट वहिनीच्या खात्यात टाकावेत आणि तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवावा. तुमच्या हातून रोख फिरली की मधल्या मध्ये घोळ होण्याची शक्यता वाढते, आणि उद्या वाद झाला तर 21,000 तुम्ही घेतलेत असे दिसते. रोखच द्यायची झाली तर वहिनीकडून पावती घ्या. 5,000 रुपयांवरच्या पावतीला 1 रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घेतात. शेवटचा पैसा पोचला की वहिनीने लिहून द्यावे: “भिशीत भरलेले माझे सर्व 21,000 रुपये मला मिळाले. आता भिशीच्या कोणत्याही सभासदाकडे माझे येणे नाही.” बदली आली असेल तर त्यात तिचे नाव आणि “माझी जागा व यापुढचा नंबर त्यांचा” एवढे वाढवा. नाहीतर डिसेंबरात बदलीचा नंबर लागला की “माझी जागा होती” अशी कुरबूर होते.

नंबर घेऊन झालेली एखादी उद्या “मी पण सोडते” म्हणाली तर तिला हा हिशोब लागू होत नाही. तिने 36,000 घेतलेले आहेत, तिचे राहिलेले हप्ते हे तिच्यावरचे कर्ज आहे. ऑगस्टच्या नंबरवालीने आज सोडायचे ठरवले तर तिला पाच हप्त्यांचे 15,000 भरावेच लागतील, एकदम किंवा महिन्याला. तुमच्या ओळखीत लिलावाची भिशी असेल, तर तिथेही 21,000 हा आकडा जसाच्या तसा वापरू नका. बोलीमुळे सुटलेले पैसे दर महिन्याला वाटले जात असल्याने सोडणारीने प्रत्यक्षात त्याहून कमी भरलेले असतात. तिने खरोखर किती रोख दिली ते महिनावार वहीतून काढून तेवढेच परत करायचे.

सात जणींपैकी एखादीने जानेवारीत हप्ता दिलाच नाही तर? तोंडी भिशीत लोक चालवणारीलाच धरतात, आणि जी पहिला नंबर न चिठ्ठी टाकता घेते तिने ती जबाबदारी घ्यावी हे आम्हाला योग्य वाटते. तेव्हा 3,000 तुम्ही भरून तिच्याकडून वसूल करायची तयारी ठेवा. सही असेल तर वसुली सोपी जाते. उसन्या किंवा देय पैशांसाठी दिवाणी दावा लावायची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते, पण एवढ्या रकमेसाठी कोर्टात जाण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना तिथे मोफत मदत मिळते, मिळकतीची अट नाही. दावा न लावताच दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड करून देता येते, आणि अशा बोलावण्याची नोटीस घरी आल्यावर बऱ्याच जणी पैसे देऊन मोकळ्या होतात.

पुढच्या वर्षीची भिशी उभी करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. चिट फंडाचा 1982 चा कायदा लिलावाच्या चिटपुरता नाही. चिठ्ठी टाकून पाळीपाळीने रक्कम देणारी भिशीही त्याच्या व्याख्येत बसते, आणि मंजुरी व नोंदणीशिवाय चिट चालवायला त्यात मनाई आहे. किती रकमेपर्यंतच्या चिटला सूट द्यायची हे 2019 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकार ठरवते, आणि एकच बाई एकाच वेळी दोन-तीन भिशा चालवत असेल तर त्यांची रक्कम एकत्र धरतात. म्हणून ही भिशी चांगली चालते म्हणून दुसरी, तिसरी काढू नका. आकडा वाढवायचाच असेल तर आधी विधी सेवा समितीतल्या वकिलाला विचारा, तेही मोफत आहे. आणि नवीन वहीच्या पहिल्या पानावर हप्त्याची तारीख लिहाल, तिच्याखालीच लिहा: नंबर न लागता सोडणारीला भरलेली मूळ रक्कम बदली मिळाल्यावर, नाहीतर शेवटच्या महिन्यात, नंबर झालेल्यांच्या हप्त्यातून परत मिळेल, खाण्याचे पैसे परत नाहीत. खाली बाराही जणींच्या सह्या घ्या, आणि त्यानंतरच पहिला नंबर उचला.